सरकीचा खर्च किती धरायचा? जिनिंगच्या हिशेबातून जोड उत्पादन आणि उपउत्पादन

व्हिडिओत फळ्यावरचे आकडे पटापट पुढे गेले, त्यामुळे तोच हिशेब इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कॅल्क्युलेटर मोबाईलमध्ये आहेच.

प्रश्न असा आहे. 31 मार्च आला. जिनिंगवाल्याची रुई सगळी विकली गेली, पण सरकीला भाव मिळेना म्हणून सरकीचा ढीग गोदामात तसाच पडून आहे. आता ताळेबंदात या सरकीची किंमत किती लिहायची? एक मुनीम म्हणेल 2,24,000. दुसरा म्हणेल 2,12,800. तिसरा म्हणेल 4,69,029. सरकी तीच, गोदाम तेच, आणि बेरीज-वजाबाकी कुणाचीच चुकलेली नाही. तरीसुद्धा या तीन आकड्यांमुळे त्या वर्षाचा नफा, त्यावरचा कर आणि भागीदारांनी उचलायची रक्कम हे सगळं बदलतं.

हे का होतं ते समजायचं असेल तर आधी मशीनकडे बघू. आपल्या परतूर भागात जिनिंग माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. कापूस आला, ओला-सुका बघून ढीग लागला, मग रोलरवर गेला. रोलर धागा ओढून घेतो आणि बी खाली पडतं. एका बाजूला रुई, दुसऱ्या बाजूला सरकी. तुम्ही कितीही ठरवलं तरी नुसती रुई काढता येत नाही, सरकी निघणारच. म्हणून या दोघींना जोड उत्पादनं म्हणायचं. एकच कच्चा माल, एकच प्रक्रिया, आणि त्यातून एकाच वेळी निघणारे दोन माल.

ज्या जागी माल वेगळा होतो तो विभाजन बिंदू. इथे तो रोलरवर आहे. त्याच्या आधीचा सगळा खर्च सामाईक, म्हणजे कापसाची किंमत, बाजार समितीचा सेस, गाडीभाडं, हमाली, जिनिंगची वीज आणि मजुरी. त्याच्या नंतरचा खर्च ज्याचा त्याचा. रुई दाबून 170 किलोची गाठ बांधायची, त्याला प्रेसिंग लागतं, पट्ट्या आणि कापड लागतं. हा खर्च एकट्या रुईचा, सरकीचा त्याच्याशी काही संबंध नाही. बरेच जण जिनिंग-प्रेसिंगचं एकच बिल करतात आणि सगळं एकाच खात्यात टाकतात. हिशेब तिथूनच बिघडायला लागतो. आधी ही रेघ ओढा.

आता आकडे घेऊ. हे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आहेत, तुमच्या हंगामाचे भाव तुम्ही घाला. 100 क्विंटल कापूस 7,000 रुपयांनी घेतला, म्हणजे 7,00,000. सेस, भाडं, हमाली, जिनिंग मिळून क्विंटलला 182 रुपये, म्हणजे 18,200. सामाईक खर्च झाला 7,18,200. त्यातून 34 क्विंटल रुई निघाली, 64 क्विंटल सरकी निघाली आणि 2 क्विंटल घट गेली, म्हणजे ओल, माती, पाचोळा. 34 क्विंटल रुईच्या बरोबर 20 गाठी झाल्या. गाठीला 600 रुपये प्रेसिंग धरलं, तर 12,000. रुईचा भाव किलोला 160 धरू. तुम्ही खंडीत बोलत असाल तर 356 किलोच्या खंडीला 56,960. सरकी 3,500 रुपये क्विंटल.

विक्री काय होईल? रुईचे 5,44,000 आणि सरकीचे 2,24,000. दोन्ही विकून, सामाईक खर्च आणि प्रेसिंग वजा करून हातात राहतात 37,800. हा आकडा लक्षात ठेवा. सामाईक खर्च तुम्ही कसाही वाटा, सगळा माल विकला गेला की शेवटी 37,800 च येणार. वाटण्याची पद्धत फक्त एवढं ठरवते की त्यातले किती रुईच्या नावावर जातील, किती सरकीच्या, आणि माल शिल्लक असेल तर किती या वर्षी आणि किती पुढच्या वर्षी.

सगळ्यात सोपी वाटणी वजनावर. काट्यावर 98 क्विंटल माल आला, 7,18,200 ला 98 ने भागा, क्विंटलला 7,328 रुपये 57 पैसे. सरकी 64 क्विंटल, म्हणून तिच्या डोक्यावर 4,69,029. रुई 34 क्विंटल, तिच्यावर 2,49,171. हा झाला तिसऱ्या मुनिमाचा आकडा. आता बघा काय झालं ते. बाजारात 3,500 ला विकली जाणारी सरकी आपल्या वहीत 7,328 ला पडली! कागदावर सरकीत 2,45,029 चा तोटा आणि रुईत 2,82,829 चा नफा. मग कुणीतरी शहाणा म्हणतो, "सरकीच आपल्याला बुडवतेय." अहो, सरकी कशी बुडवेल? शेतकऱ्याला कापसाचे 7,000 आपण धाग्यासाठी जास्त आणि बियासाठी कमी असे मोजले. काट्याला ते कळत नाही. वजनाची पद्धत तिथेच चालते जिथे निघणाऱ्या मालांचे किलोचे भाव जवळजवळ सारखे असतात.

म्हणून दुसरी पद्धत, किमतीच्या प्रमाणात. जो माल जास्त पैसे आणतो त्याने जास्त खर्च उचलायचा. पण तुलना करताना दोन्ही माल विभाजन बिंदूवरच उभे करायचे. आपल्या उदाहरणात सरकी रोलरखालून निघाली तशीच विकली जाते, तिचे 2,24,000 जसेच्या तसे घ्या. रुई मात्र गाठ बांधून विकली जाते, म्हणून 5,44,000 मधून प्रेसिंगचे 12,000 वजा करा, 5,32,000 उरले. दोन्ही मिळून 7,56,000. त्यात रुईचा वाटा 70 टक्क्यांच्या थोडा वर, सरकीचा 30 च्या थोडा खाली. त्याच प्रमाणात 7,18,200 वाटले तर रुईवर 5,05,400 आणि सरकीवर 2,12,800 येतात. सरकी क्विंटलला 3,325 ला पडली. दुसऱ्या मुनिमाचा आकडा हा. दोन्ही मालांवर विभाजन बिंदूच्या किमतीवर सारखाच 5 टक्के नफा दिसतो, कुणी हिरो नाही, कुणी खलनायक नाही.

परीक्षेत मुलं प्रेसिंग वजा करायचं विसरतात आणि मार्क जातात. धंद्यात विसरलं तर रुईवर गरजेपेक्षा जास्त सामाईक खर्च चढतो आणि सरकी उगाच स्वस्त पडलेली दिसते.

तिसरी पद्धत आपल्याकडच्या बऱ्याच मुनिमांची आवडती. सरकीवर खर्च वाटायचाच नाही. सरकीचे जे 2,24,000 येतील ते सामाईक खर्चातून सरळ वजा करायचे, उरलेले 4,94,200 अधिक प्रेसिंगचे 12,000, म्हणजे 5,06,200 हा रुईचा खर्च. रुई क्विंटलला 14,888 ला पडली. सोपं आहे, एका ओळीत होतं. पण ही पद्धत उपउत्पादनासाठी आहे. उपउत्पादन म्हणजे जे आपोआप निघतं, ज्याची किंमत मुख्य मालापुढे किरकोळ असते.

मग सरकी उपउत्पादन आहे का? मी दोन गोष्टी विचारतो. एक, एकूण किमतीत तिचा वाटा किती? इथे जवळपास 30 टक्के. दोन, तिचा भाव शून्य झाला तर तुम्ही कापूस याच भावाने घ्याल का? नाही घेणार. सरकी पडली की कापसाची बोली खाली येते, हे व्यापाऱ्यालाही माहीत आहे आणि शेतकऱ्यालाही. जो माल कच्च्या मालाचा भाव हलवतो त्याला किरकोळ कसं म्हणायचं? माझ्या मते सरकी सरळ सरळ जोड उत्पादन आहे.

याच्या उलट डाळ मिल बघा. तूर भरडली की डाळ निघते, सोबत चुनी आणि टरफल निघतं. चुनी जनावरांना जाते, पैसे येतात, पण डाळीपुढे ते थोडेच. तिथे चुनीचे पैसे खर्चातून वजा करा, कोणी काही म्हणणार नाही. घरगुती मिनी डाळ मिल चालवणाऱ्या ताईंनी चुनीसाठी वेगळं खर्चपत्रक करत बसू नये, वेळ वाया जातो.

आपल्या देशातल्या लेखा मानक 2 मध्ये, म्हणजे मालसाठ्याच्या मूल्यांकनाच्या मानकात, हेच सांगितलंय. जोड उत्पादनांचा खर्च तर्कसंगत आणि दरवर्षी सारख्या पद्धतीने वाटायचा, विक्रीमूल्याचं प्रमाण हा त्याचा एक मार्ग. किरकोळ उपउत्पादन असेल तर त्याची निव्वळ वसूल होणारी किंमत मुख्य मालाच्या खर्चातून वजा करायची.

उसाच्या बाबतीत तर हा वाद हिशेबाच्या वहीतून बाहेर येऊन शेतकऱ्याच्या बिलापर्यंत गेला. मळी, बगॅस, प्रेसमड यांचे पैसे उसाच्या भावात धरायचे की नाही? रंगराजन समितीने 2012 मध्ये सूत्र दिलं, साखर आणि या उपपदार्थांच्या मिळून किमतीच्या 70 टक्के ऊस उत्पादकाला, किंवा नुसत्या साखरेच्या किमतीच्या 75 टक्के. कशाला मुख्य म्हणायचं आणि कशाला उप, यावर कुणाच्या खिशात किती जातं ते ठरतं.

आता 31 मार्चच्या गोदामात परत येऊ. रुई विकली, 64 क्विंटल सरकी शिल्लक. सरकी 2,12,800 ला लिहिली तर यंदाचा नफा 26,600, आणि सरकी विकली जाईल तेव्हा उरलेले 11,200 पुढच्या वर्षी. सरकी 2,24,000 ला लिहिली, म्हणजे उपउत्पादन धरली, तर पूर्ण 37,800 यंदाच नफ्यात. न विकलेल्या सरकीवरचे 11,200 सुद्धा त्यात आले. आणि वजनाच्या पद्धतीने 4,69,029 लिहिले तर यंदाचा नफा 2,82,829! सगळा व्यवहार मिळून 37,800 चा आहे आणि नफा दिसतोय पावणेतीन लाखांच्या वर.

इथेच मानकाचा दुसरा नियम वाचवतो. शिल्लक माल खर्चाने किंवा वसूल होणाऱ्या किमतीने, दोन्हीत जो आकडा कमी असेल त्याने लिहायचा. सरकी 4,69,029 ला पडली असं वही म्हणाली तरी बाजार 2,24,000 च देणार, म्हणून 2,24,000 च लिहावे लागतात. चांगला सीए वर्षअखेरीस हे पकडतो. अडचण वर्षाच्या मध्ये होते. बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, ते मुनीम सॉफ्टवेअरमधून काढतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये वाटणी वजनावर लावलेली असेल तर गोदामातली सरकी दुपटीहून जास्त किमतीची दिसते. त्यावर कर्जाची उचल मिळते, भागीदार "रुईत कमावलं" म्हणून पैसे काढतात आणि सरकी विकताना सगळं उघडं पडतं. ओळखायची खूण सोपी आहे. स्टॉक स्टेटमेंटमधला सरकीचा दर आणि त्या दिवसाचा बाजारातला दर शेजारी शेजारी लिहा. वहीतला दर बाजाराच्या वर असेल तर थांबा आणि वाटणी कशावर केलीय ते विचारा.

आता दुसरा प्रश्न. सरकी अशीच विकायची की गाळून तेल आणि ढेप करायची? इथे बरेच जण मगाशी वाटलेला खर्च घेऊन बसतात. कुणी म्हणतं सरकी 7,328 ला पडली, गाळून परवडणारच नाही. कुणी म्हणतं सरकी तर फुकटच निघते, गाळलं की सगळा नफाच. दोघांचाही हिशेब सोडून द्या. कापसाचे पैसे गेले, जिनिंग झालं, सरकी समोर आहे. ती विकली काय आणि गाळली काय, 7,18,200 मधला एक रुपया परत येणार नाही. पुढे काय वाढतं आणि पुढे काय खर्च होतो, एवढंच मोजायचं.

64 क्विंटल सरकी गाळून समजा 7 क्विंटल कच्चं तेल आणि 54 क्विंटल ढेप निघाली, बाकी घट. तेल 10,500 ने 73,500 आणि ढेप 3,300 ने 1,78,200, मिळून 2,51,700. तशीच विकली असती तर 2,24,000. वाढले 27,700. गाळाई, बारदाना, हमाली मिळून 22,000 लागले. हातात जास्तीचे 5,700. म्हणजे गाळायला हरकत नाही, पण थांबा. ढेप उधारीवर जाते. महिन्याची उधारी आणि शेकडा एक व्याज धरलं तर 1,782 गेले. आणि ढेपेचा भाव क्विंटलला 100 रुपयांनी उतरला तर 5,400 गेले. एवढ्या बारीक फरकावर गाळायचं की नाही ते तुमची ढेप किती दिवसांत उचलली जाते त्यावर ठरवा. सरकी ओली असेल तर ती ढिगात तापते, तेल खराब होतं, मग भाव वाढायची वाट बघण्यात अर्थ नाही.

या आकड्यांत एक गंमत दिसली का? आपण तिला ऑइल मिल म्हणतो, पाटीवर तेलाचा डबा रंगवतो, पण पैसे ढेपेचे जास्त आहेत. तेल 73,500 आणि ढेप 1,78,200. दूधवाल्यांनी ढेप उचलली तर मिल चालते. तिथे ढेपेला उपउत्पादन समजून तिचे पैसे तेलाच्या खर्चातून वजा करायला गेलात तर सरकी आणि गाळाई मिळून 2,46,000 मधून 1,78,200 गेले, तेल क्विंटलला 9,686 ला पडलं असं दिसेल. मग ढेपेचा भाव थोडा हलला की तेलाचा खर्च वेड्यासारखा वर-खाली होईल. तिथेसुद्धा किमतीच्या प्रमाणातच वाटा.

एकाच घरात एका भावाकडे जिनिंग आणि दुसऱ्याकडे ऑइल मिल असेल तर हे जास्त सांभाळायला लागतं. सरकी "घरचीच आहे" म्हणून बिनभावाची गेली तर ऑइल मिलवाला वर्षअखेरीस वरचढ दिसतो आणि जिनिंगवाला तोट्यात. मग कोण जास्त कमावतो यावरून बोलणी सुरू होतात. सरकी ज्या दिवशी तिकडे गेली त्या दिवसाच्या बाजारभावाने बिल करा. मग वरच्या उदाहरणात ऑइल मिलची खरी कमाई 5,700 एवढीच दिसेल, आणि जिनिंगला तिचे 37,800 मिळतील.

शेवटी खरेदीचं बोलू, कारण दुकान चालतं ते सकाळच्या बोलीवर. कापूस जास्तीत जास्त कितीने घ्यायचा हे ठरवायला खर्च वाटायची गरजच नाही. एका क्विंटलमधून 34 किलो रुई, 160 ने 5,440. 64 किलो सरकी, 35 ने 2,240. बेरीज 7,680. त्यातून प्रेसिंगचे 120 आणि बाकी खर्चाचे 182 काढा. 7,378 उरले. याच्या वर बोली गेली की तोटा. रुई आणि सरकी दोन्हींचे त्या दिवसाचे भाव घेऊन हा हिशेब रोज सकाळी करायचा, नुसता खंडीचा भाव बघून बोली लावायची नाही.

आणि यात सगळ्यात नाजूक आकडा भावाचा नाही, उताऱ्याचा आहे. कवडी जास्त आली, बोंडअळीचा माल आला आणि रुईचा उतारा 34 चा 33 झाला, तर 160 ची एक किलो रुई गेली आणि फार तर तिच्या जागी 35 ची एक किलो सरकी आली. क्विंटलला सव्वाशे रुपये गेले. आपला नफा क्विंटलला 378 होता, त्याचा तिसरा हिस्सा एका टक्क्यात संपला. म्हणून दर ढिगाचा कापूस, रुई, सरकी वेगवेगळं तोलून लिहा आणि तिन्हींचा मेळ घाला. घट 2 टक्क्यांच्या जागी 4 दिसली तर आधी ओल तपासा, कापूस घेताना 12 टक्के होती की त्याहून जास्त. ओल ठीक असेल तर मग काटा तपासा. काटाही बरोबर निघाला तर गेटवरून बाहेर गेलेल्या सरकीच्या गाड्या आणि पावत्या मोजायला बसा.